हट्ट की मेल्टडाउन? घरात ओळखायचं कसं आणि पोराला शांत करायचं कसं

हा लेख अशा आई-बाबांसाठी आहे ज्यांच्या मुलाला नुकतंच ऑटिझमचं निदान झालंय. किंवा निदान झालेलं नाही, पण मिक्सर लावला की मूल कान दाबतं, शर्टाचं लेबल टोचतं म्हणून रडतं आणि अधूनमधून असं भडकतं की घरात कोणालाच काही सुचत नाही. मी जळगावला राहते. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, तुटक वाक्यांत बोलतो. लग्न, बाजार, एसटी स्टँड हे मी इथे घेतलेलं नाही, कारण तिथे आपल्या हातात फार थोडं असतं. घरात मात्र आवाज, उजेड, वास, माणसं हे सगळं आपल्याला बदलता येतं. म्हणून सुरुवात घरापासून.

आधी एक गोष्ट सांगते, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मूल काय मागतंय, हा एक प्रश्न. मुलाच्या शरीराला या क्षणी काय सोसवत नाहीये, हा दुसरा प्रश्न. बहुतेक घरांत हे दोन्ही एकात मिसळतात आणि मग "द्यायचं की नाही द्यायचं" एवढाच वाद उरतो. दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी द्यायची असतात.

१. फरक कुठे बघायचा

ओरडणं, लाथा झाडणं, जमिनीवर लोळणं, वस्तू फेकणं हे हट्टातही असतं आणि मेल्टडाउनमध्येही असतं. त्यामुळे मूल काय करतंय यावरून फरक कळत नाही. आजूबाजूला काय बदललं की त्याच्यात काय बदलतं, यावरून कळतो.

हट्टात मुलाला काहीतरी हवं असतं किंवा काहीतरी टाळायचं असतं. ते रडता रडता तुमच्याकडे बघतं. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात तर मागे येतं आणि तिथे रडणं पुन्हा सुरू करतं. खाली पडताना डोकं सांभाळून पडतं. "आता नाही, जेवल्यावर" असं म्हटलं तर क्षणभर थांबून विचार करतं. आणि वस्तू मिळाली की गालावरचं पाणी वाळायच्या आत खेळायला लागतं. हे सगळ्याच मुलांचं असतं, ऑटिस्टिक मुलांचंही असतं. प्रत्येक रडण्याला मेल्टडाउन म्हणायची गरज नाही.

मेल्टडाउनमध्ये मुलाला काही मिळवायचं नसतं. आवाज, उजेड, स्पर्श, वास, गर्दी, अचानक बदललेला बेत यांचा भार मेंदूला पेलण्यापलीकडे गेलेला असतो आणि शरीर संकटात सापडल्यासारखं वागायला लागतं. छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, घाम येतो. अशा वेळी बोललेलं समजून घेणं, विचार करणं, स्वतःला आवरणं या क्षमता त्याच्या हातात नसतात. कोण बघतंय याची त्याला फिकीर नसते. तुम्ही खोलीबाहेर गेलात तरी तसंच चालू राहतं. ते स्वतःला चावतं, डोकं आपटतं, लागलं तरी थांबत नाही. मागितलेली वस्तू हातात दिली तर फेकून देतं. संपतं तेही एकदम नाही, हळूहळू ओसरतं. नंतर मूल गळून जातं, कधी झोपतं, आणि काय झालं ते त्याला नीट आठवतही नाही.

तीन जागी माणूस फसतो.

पहिली जागा म्हणजे एकच शब्द पुन्हा पुन्हा. मेल्टडाउनमध्येही मूल "मोबाईल, मोबाईल" असं ओरडत राहू शकतं, कारण त्या वेळी तोंडात तेवढाच शब्द उरलेला असतो. म्हणून मागणी ऐकू आली म्हणजे हट्टच, असं समजू नका. मागणी पुरी होऊनही थांबत नसेल तर ते हट्ट नव्हे.

दुसरी जागा म्हणजे हट्टाने सुरू होऊन मेल्टडाउनमध्ये जाणं. बराच वेळ रडल्यावर स्वतःच्या रडण्याचा आवाज, ओला चेहरा, भोवतीची बोलणी हाच नवा भार होतो. पहिल्या पाच मिनिटांत हट्ट होता म्हणून पंचविसाव्या मिनिटालाही तो हट्टच असेल असं नाही. नजर बदलली, बोललेलं पोचेनासं झालं, अंग ताठ झालं की तुम्हीही पवित्रा बदला.

तिसरी जागा गप्प होण्याची. काही मुलं भार झाला की ओरडत नाहीत, बंद होतात. टेबलाखाली जाऊन बसतात, हाक मारली तरी उत्तर देत नाहीत, अंग सैल सोडतात. याला शटडाउन म्हणतात. पाहुण्यांसमोर "किती शहाणं आहे" म्हणून त्या मुलाचं कौतुक होतं आणि त्याला विश्रांती मिळायची राहते. त्यालाही तीच मदत लागते जी ओरडणाऱ्या मुलाला लागते.

२. ओळखता येत नसेल तेव्हा

ओरडा सुरू झाल्यावर सुरुवातीला कळतच नाही, हे नेहमीचं आहे. तेव्हा निदान करत बसू नका. मागितलेल्या गोष्टीबद्दल तुमचं जे उत्तर होतं तेच ठेवा. नाही म्हटलं असेल तर नाही. पण आवाज, उजेड, माणसं आणि तुमचं बोलणं ताबडतोब कमी करा.

हट्ट असेल तर टीव्ही बंद केल्याने किंवा पाहुण्यांना अंगणात पाठवल्याने मुलाचं काही फावत नाही. उलट बघणारे कमी झाले की हट्टही लवकर विरतो. आणि मेल्टडाउन असेल तर तुम्ही नेमकं हवं तेच केलेलं असतं. दोन्ही बाजूंनी नुकसान नाही.

घरातली मोठी माणसं याला लाड म्हणतात. त्यांना असं सांगा की मी त्याला वस्तू दिलेली नाही, फक्त खोली शांत केली आहे. माझ्या सासूबाईंना एवढं एक वाक्य पटलं, ऑटिझमवरची लांबलचक माहिती पटली नव्हती.

३. आधी काय तयार ठेवायचं

घरातली एक जागा ठरवा. वेगळी खोली नसली तरी चालतं. कपाट आणि भिंत यांच्यामधला कोपरा, पलंगाखालची जागा, पडदा लावलेला बाळंतिणीच्या खोलीसारखा आडोसा, काहीही. मूल आपणहून कुठे जातं ते आठवडाभर बघा आणि तीच जागा पक्की करा. ही जागा शिक्षेची कधीच होऊ देऊ नका. "जा, कोपऱ्यात बस" असं एकदा जरी म्हटलं तरी ते मूल तिथे आधारासाठी जायचं थांबतं.

आपल्याकडे जागा निवडताना उन्हाळ्याचा विचार करावाच लागतो. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना पत्र्याखालची किंवा पश्चिमेच्या भिंतीलगतची खोली शांत असून उपयोगाची नाही, कारण उकाडा हाच मोठा भार आहे. कूलरचं मात्र दोन्हीकडून आहे. काही मुलांना त्याची एकसुरी घरघर बरी वाटते, कारण त्यात बाहेरचे आवाज बुडतात. काहींना तीच असह्य होते, आणि त्यातल्या ओल्या वाळ्याचा वासही. तुमच्या मुलाचं कोणतं ते कूलर चालू-बंद करून शांत वेळी बघून घ्या. लाइट गेल्यावर कूलर एकदम बंद पडतो तेव्हा गर्मीआधीच मूल बिथरत असेल तर त्याला आवाजाचा खंड सोसत नाही, असं समजा.

साहित्य फार लागत नाही:

– कानावर बसणारे इअरमफ. कारखान्यातले कामगार वापरतात ते, हार्डवेअरच्या किंवा सेफ्टी साहित्याच्या दुकानात मिळतात. मुलाच्या डोक्याला बसतील असे बघा. ते दिवसभर घालून ठेवू नका, गरजेपुरतेच. सतत घातले तर साधे आवाजही मोठे वाटायला लागतात.
– एक जुनी, धुऊन मऊ झालेली सुती गोधडी. नवीन नको, नव्या कापडाची खळ टोचते आणि वास येतो.
– दोन-तीन उशा किंवा एक लोड.
– लेबल काढलेला एक सुती सदरा, कायम त्याच ठिकाणी.
– स्ट्रॉ असलेली पाण्याची बाटली.
– चार चित्रं: पाणी, कोपरा, गोधडी, "बस झालं". हाताने काढलेली चालतात. बोलणारं मूलही भाराच्या वेळी बोलू शकत नाही, तेव्हा बोट दाखवायला काहीतरी हवं.

बाजारात वजनदार ब्लँकेट मिळतं. ते ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे मुलांची रोजची कामं, स्पर्श आणि हालचाली यांवर काम करणाऱ्या तज्ज्ञाला, विचारल्याशिवाय घेऊ नका. लहान मुलाला ते स्वतःहून बाजूला सारता आलं नाही तर जिवाशी खेळ होतो.

४. चढण ओळखा

मेल्टडाउन अचानक आला असं वाटतं, पण तसं क्वचित असतं. वर मध्य प्रदेशात आणि पूर्णेच्या खोऱ्यात दोन दिवस पाऊस पडलेला असतो, म्हणून इकडे तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडावे लागतात. भुसावळात त्या दिवशी पडलेल्या सरीने ते उघडत नाहीत. मुलाचंही तसंच आहे. भार आधीपासून चढत आलेला असतो, शेवटी जे घडलं ते कारण नसतं.

प्रत्येक मुलाच्या चढणीच्या खुणा ठरलेल्या असतात. काहींचे कान लाल होतात. काही कॉलर ओढतात, टाचा उचलून चालतात, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, गुणगुणणं मोठं होतं, हात झटकणं वाढतं. काही एकदम जास्त हसायला लागतात आणि घरच्यांना वाटतं की मूल खूश आहे. माझ्या मुलाचं असं आहे की तो दारांच्या कड्यांवरून बोट फिरवायला लागतो. तुमच्या मुलाच्या दोन-तीन खुणा कागदावर लिहा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा.

या टप्प्यावर मदत सर्वांत जास्त लागू पडते. जोर लावावा लागणारं काम द्या: पाण्याची अर्धी बादली उचलून नेणं, भिंतीला दोन्ही तळहातांनी ढकलणं, भाकरीचं पीठ मळणं, उशा एका खोलीतून दुसरीत नेऊन टाकणं. स्नायूंना आणि सांध्यांना असा जोर मिळाला की बऱ्याच मुलांचं शरीर शांत होतं. घरात झोका असेल तर पुढे-मागे, सरळ, एका लयीत द्या. गोल गोल पिळा देऊन सोडू नका, त्याने मूल आणखी उत्तेजित होतं. हात झटकणं किंवा गुणगुणणं थांबवायला सांगू नका. भार कमी करण्याचा तो त्याचा स्वतःचा उपाय असतो.

५. सुरू झाल्यावर, या क्रमाने

आधी सुरक्षा. काच, चाकू, गरम भांडं, इस्त्री बाजूला करा. धाकटं भावंड असेल तर त्याला कोणीतरी बाहेर न्या. गॅलरीचं आणि रस्त्याचं दार लावून घ्या, पण मूल ज्या खोलीत आहे तिच्या दारात आडवं उभं राहू नका. वाट अडवली की भीती दुपटीने वाढते.

मग आवाज. टीव्ही, मिक्सर, मोटर, कुकर, बोलणारी माणसं. एकच मोठं माणूस जवळ राहील, बाकीचे दिसेनासे होतील. "काय झालं, काय झालं" विचारणारी चार माणसं हा स्वतंत्र गोंगाट असतो.

मग उजेड आणि वास. ट्यूबलाइट बंद करा, पडदा ओढा, फोडणी चालू असेल तर गॅस बंद आणि खिडकी उघडी.

मग तुम्ही स्वतः. मुलाच्या समोर नाही, थोडं बाजूला, हातभर अंतरावर खाली बसा. डोळ्यांत बघायला लावू नका. एक छोटं वाक्य ठरवून ठेवा आणि तेच हळू आवाजात बोला. आमच्या घरात ते "मी इथंच आहे" असं आहे. ते बोलून झाल्यावर थांबा. मनातल्या मनात दहा आकडे मोजा, मग हवं तर पुन्हा तेच. वाक्य बदलू नका, कारण बदललेलं वाक्य मुलाला पुन्हा नव्याने समजून घ्यावं लागतं. प्रश्न विचारू नका. समजावू नका. "तीन मोजेपर्यंत गप्प बस" हे तर नकोच.

डोकं आपटत असेल तर डोकं धरू नका. डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी किंवा दुमडलेली गोधडी सरकवा. स्वतःचा हात चावत असेल तर दाताखाली चावायला कापडाची जाड गुंडाळी द्या, घेतली तर घेतली. मुलाला दाबून, पालथं पाडून, छातीवर किंवा पाठीवर वजन टाकून कधीही धरू नका. श्वास अडकण्याचा धोका खरा आहे.

आता स्पर्शाबद्दल. हलका स्पर्श, गोंजारणं, पाठीवरून बोटं फिरवणं हे प्रेमाचं असलं तरी त्या वेळी बऱ्याच मुलांना मुंग्या चावल्यासारखं लागतं. खोल, सपाट, स्थिर दाब सोसतो, तोही सगळ्यांना नाही. म्हणून आधी गोधडी शेजारी ठेवा आणि मुलाने ती ओढून घेण्याची वाट बघा. घेतली तर खांद्यांवर तळहात सपाट ठेवून हळू दाबा आणि तिथेच ठेवा. अंग ताठ झालं किंवा दूर सरकलं की हात लगेच काढा. चेहरा कायम उघडा. उन्हाळ्यात गोधडीऐवजी मांड्यांवर लोड ठेवा, नाहीतर आधीच तापलेलं अंग आणखी तापतं.

रडणं चालू असताना तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागतो. बाटली दिसेल अशी ठेवा. मूल स्ट्रॉ ओढायला लागलं, की उतार सुरू झाला असं समजायला हरकत नाही. स्ट्रॉने ओढण्याने श्वासही संथ होतो.

किती वेळ लागेल हे सांगता येत नाही. काही मिनिटंही लागतात आणि तासाच्या वरही जातं. तुम्ही भार वाढवत नाही आहात ना, एवढंच बघायचं.

६. घरची माणसं काय करतात

आपल्याकडे अशा वेळी दृष्ट काढायची पद्धत आहे. श्रद्धेवर मी काही बोलत नाही. पण मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत किंवा गॅसवर जाळल्या की जो ठसका उठतो, तो वास आणि धूर सोसवत नसलेल्या मुलासाठी फार वाईट असतो. दृष्ट काढायचीच असेल तर मूल शांत झाल्यावर, दुसऱ्या खोलीत, मिरच्या न जाळता काढा. आमच्याकडे आता मीठ-मोहरी ओवाळून पाण्यात टाकतात. सासूबाईंचं समाधान होतं आणि घरात धूरही होत नाही.

तोंडावर गार पाणी मारणं, एक चापट देणं, कडेवर घेऊन हलवणं, जवळ घेऊन आवळणं, कानात मोठ्याने स्तोत्र म्हणणं हे सगळं हितचिंतकच करतात. चापटीने कधी कधी मूल गप्प होतंही. ते शांत झालेलं नसतं, घाबरून बंद पडलेलं असतं, आणि पुढच्या वेळी चढण जास्त वेगाने येते. प्रत्येक माणसाला एक काम नेमून द्या. कोणी टीव्ही बंद करेल, कोणी पाहुण्यांना अंगणात नेईल, कोणी गॅस बघेल. हाताला काम असलं की माणसं सल्ला देत नाहीत.

मोबाईल लावून देण्याबद्दल सगळे विचारतात. ओरडत असताना हातात मोबाईल देणं म्हणजे बहुतेक वेळा आणखी उजेड आणि आवाज देणं. त्याने थांबलं तर दोनच शक्यता असतात. एकतर तो हट्ट होता, किंवा ओळखीच्या एकाच गाण्याने त्याला बाकीचं जग झाकता आलं. कोणती ते नोंदींवरून कळेल, एका वेळेवरून नाही.

७. वांग्याच्या भरताच्या दिवसाचं उदाहरण

आमच्या घरातला एक दिवस सविस्तर सांगते, म्हणजे वरचं सगळं कसं एकत्र येतं ते कळेल.

डिसेंबरचा रविवार. सकाळी मुलाचे केस कापून आणले होते. मशीनचा आवाज कानाशी आणि मानेवर बारीक केस. घरी आल्यावर थंडी म्हणून लोकरीचा स्वेटर चढवला. दुपारी चोपड्याहून नणंद आणि तिची मुलं भरीत खायला आली. अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, वारा फिरला की धूर घरात. मग वांगी ठेचण्याची ठकठक, तेलात हिरव्या मिरच्यांचा ठसका, आणि त्याची रेल्वेची गाडी पाहुण्या मुलांच्या हातात. तो दाराच्या कड्यांवरून बोट फिरवत होता. पाहुणे म्हणाले, किती शांत आहे.

जेवायला बसल्यावर आत्याने प्रेमाने त्याच्या पुरीचे तुकडे करून दिले. त्याने किंचाळून ताट उलटवलं. "पुरी, पुरी" करत डोकं भिंतीवर आपटायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "दुसरी पुरी दे त्याले, उगा ऱ्हाई." अख्खी पुरी दिली. ती त्याने फेकली आणि ओरडणं चालूच. इथे उत्तर मिळालं. पुरीसाठी असतं तर अख्ख्या पुरीने थांबलं असतं.

नवऱ्याने मुलांना आणि पाहुण्यांना अंगणात नेलं, ठेचणं थांबवलं. नणंदेने गॅस बंद केला. मी आतल्या खोलीचा दिवा बंद करून दार अर्धं उघडं ठेवलं आणि "कोपरा" हे चित्र त्याच्या नजरेसमोर धरलं. उचललं नाही. तो स्वतः धावत गेला. भिंतीशी उशी सरकवली, मी पाय पसरून बाजूला बसले. त्याने स्वेटर ओढायला सुरुवात केली तेव्हा तो काढायला मदत केली आणि मऊ सदरा दिला. मानेवरचे केस मी तेव्हा झटकले नाहीत, कारण मानेला हात लावणं त्याला सोसलं नसतं. काही वेळाने त्याने गोधडी ओढली. मी खांद्यांवर हात ठेवले, त्याने ठेवू दिले. साधारण अर्ध्या तासाने स्ट्रॉने पाणी प्यायला आणि झोपला.

उठल्यावर कोमट पाण्याने आंघोळ घातली, केस निघाले. जेवण त्याला आतच दिलं, दही-पोळी, त्याच्या ठरलेल्या ताटलीत. पाहुण्यांसमोर पुन्हा नेलं नाही.

आता यात बदलता येण्यासारखं काय होतं ते बघा. केस कापणं आणि पाहुणे एकाच दिवशी नको. केस कापल्यावर लगेच आंघोळ. लोकरीच्या आत पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. रेल्वेची गाडी आधीच कपाटात. मिरच्यांची फोडणी अंगणातल्या चुलीवर. कड्यांवरून बोट फिरायला लागलं की इअरमफ आणि आतली खोली. भरीत, पाहुणे आणि रविवार तसेच राहतात. पुरी मात्र या यादीत कुठेच येत नाही, आणि घरातल्या सगळ्यांना फक्त पुरीच आठवत होती.

८. ओसरल्यानंतर

मूल शांत दिसलं तरी शरीर लगेच पूर्ववत होत नाही. निदान अर्धा-पाऊण तास काही मागणी करू नका. अभ्यास, "सॉरी म्हण", सांडलेलं आवरायला लावणं, काहीच नको. इथे घाई केली की दुसरी लाट येते आणि ती पहिलीपेक्षा जोरात असते. पाणी, ओळखीचं काहीतरी खायला, कमी उजेड. शिक्षा तर नकोच. जे त्याच्या ताब्यात नव्हतं त्याबद्दल शिक्षा देऊन ते ताब्यात येत नाही.

दुसऱ्या दिवशी, मन चांगलं असताना, चित्रं काढून दोन-तीन वाक्यांत सांगता येतं: आवाज मोठा झाला. कान दुखले. कोपऱ्यात गेलो. बरं वाटलं. पुढच्या वेळी "कोपरा" हे चित्र त्याने स्वतः दाखवावं यासाठी ते शांत वेळी, खेळासारखं, रोज थोडं करून बघा.

हट्ट असेल तर नंतरचं वेगळं असतं. तिथे तुमचं "नाही" कायम राहायला हवं, आणि शांत झाल्यावर दोनच पर्याय द्यायचे: आता पेरू की नंतर केळं. रडून वस्तू मिळते हे एकदा कळलं की पुढचा हट्ट लांबतो.

९. नोंदवही आणि डॉक्टर

साधी वही घ्या. प्रत्येक वेळी पाच गोष्टी लिहा: किती वाजता, त्याआधीच्या चार-पाच तासांत काय काय झालं (झोप, पोट साफ झालं का, जेवण, आवाज, कपडे, पाहुणे), अगदी शेवटी काय झालं, आपण काय केलं, किती वेळात ओसरलं. तीन-चार आठवड्यांत नमुना दिसायला लागतो. बऱ्याच घरांत तो शाळेतून आल्यानंतरच्या तासाभरात सापडतो, कारण शाळेत मूल दिवसभर आवरून धरतं. तसं असेल तर त्या तासात पाहुणे, ट्यूशन, प्रश्न काहीच ठेवू नका.

काही गोष्टी मात्र घरी सोडवायच्या नसतात. मेल्टडाउन अचानक खूप वाढले असतील तर आधी दुखणं शोधा. दात, कान, बद्धकोष्ठ, घशाची सूज. ज्याला "दुखतं" म्हणता येत नाही तो ओरडूनच सांगतो. एकटक बघत राहणं, हाक मारून आणि स्पर्श करूनही भान न येणं, एका बाजूचे हातपाय झटके देणं, ओठ निळे पडणं ही फिटची लक्षणं असू शकतात. ऑटिस्टिक मुलांमध्ये फिटचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, किती वेळ चाललं ते घड्याळात बघा. फिट पहिलीच असेल, पाच मिनिटांच्या वर चालली असेल किंवा श्वास नीट चालत नसेल तर थांबू नका, १०८ ला फोन करा. डोकं जोरात आपटल्यानंतर उलट्या झाल्या, मूल नेहमीपेक्षा जास्त सुस्त वाटलं किंवा चालताना तोल गेला तर लगेच दवाखाना.

तपासणीसाठी खर्च परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का ते विचारा. लोक त्याला डीईआयसी म्हणतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तिथे तपासणी होते. अंगणवाडी किंवा सरकारी शाळेत येणाऱ्या तपासणी पथकाकडूनही तिथे पाठवता येतं.

जाताना हे न्या: मुलाचा जन्मदाखला, आधार कार्ड, लसीकरणाचं कार्ड, आधीचे सगळे रिपोर्ट, कानांची तपासणी झाली असेल तर तो कागद, नोंदवही, आणि मोबाईलमधले दोन छोटे व्हिडिओ. एक मेल्टडाउनचा, एक चढणीच्या वेळचा. व्हिडिओ दुसऱ्या कोणीतरी लांबून काढावा, मुलाच्या तोंडासमोर मोबाईल धरून नाही, आणि तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. दवाखान्यात मूल बहुतेक वेळा शांत बसतं आणि डॉक्टरांना घरचं काही दिसत नाही, म्हणून हे दोन व्हिडिओ आणि वही सर्वांत आधी पुढे ठेवा. ऑक्युपेशनल थेरपिस्टची भेट मिळाली तर त्यांना नेमकं विचारा: माझ्या मुलाला कोणता दाब सोसतो, कोणता नाही, घरात रोज जोराचं काम किती वेळ आणि दिवसाच्या कोणत्या वेळी द्यायचं.